कथा: अठ्ठावीस मिलिमीटर

रेवती_वाई

मेधाने टेप लावला, आकडा वाचला आणि टेप पुन्हा लावला. खालच्या कोब्यापासून लँडिंगच्या फळीवरच्या खुणेपर्यंत १६०३ मिलिमीटर भरत होते. ड्रॉइंगमध्ये १५७५ होते.

"मामा, लँडिंग अठ्ठावीस मिली वर गेलंय."

शंकरमिस्त्री वरच्या स्लॅबच्या कडेला बसून सुताराला खिळे देत होते. तिथूनच म्हणाले, "गेलं न्हाई मॅडम. मी घेतलंय."

वाईजवळच्या गावात मालकांच्या जुन्या घरामागे नव्या बंगल्याचा सांगाडा उभा होता. पहिल्या मजल्याचा स्लॅब पडला होता. जिन्यापुरती जागा मोकळी ठेवून सळया बाहेर काढल्या होत्या. जिन्याचं सेंट्रिंग झालं होतं, सळई बांधून झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मिक्सर येणार होता.

मेधाचं ड्रॉइंग सरळ होतं. खालच्या कोब्यापासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत ३१५० मिमी. त्यात अठरा रायझर, प्रत्येकी १७५. नऊ चढून लँडिंग, तिथून वळून पुन्हा नऊ. कोपऱ्यात तिने टीप लिहिली होती: सर्व फिनिश ५० मिमी. खालची जमीन, पायऱ्या, लँडिंग, वरची जमीन, सगळीकडे सारखाच थर चढणार असेल, तर काँक्रीटमध्ये सारख्या असलेल्या पायऱ्या फरशीनंतरही सारख्याच राहतात. हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते खरंही आहे.

"पहिली पायरी बघा," ती म्हणाली. "फळी नऊ इंचाच्या वर लावलीय. बाकीच्या पावणेसात. एका जिन्यात दोन उंच्या कशा चालतील? हे काढावं लागेल."

मिस्त्री खाली आले. हात पुसले. "तुमचा कागद बरोबर हाय. पन त्यो तुमच्या फरशीचा कागद हाय. हितं खाली शहाबादी बसनार."

"कोण म्हणालं?"

"आक्का. मालकांच्या आई. जोत्याची भरणी चालली हुती तवाच म्हनल्या, मला खाली खडबडीत दगूडच पायजे."

"मला मालकांनी विट्रिफाइड टाईल सांगितलीय."

"त्ये पुन्यात असत्यात. ऱ्हानार आक्का."

मेधाने वही काढली. खाली किती जाडी धरलीत, असं तिने विचारलं. चार इंच, मिस्त्री म्हणाले. खालून पाईप जाणार, त्यावर चुरा, मग माल, मग दीड इंची दगड. पायऱ्यांवर ग्रॅनाईट आणि माल मिळून दीड इंच. वरच्या मजल्यावर टाईल, दोन इंच.

तिने आपल्या सारख्या पायऱ्यांवर ही जाडी चढवून पाहिली. खालची जमीन १०० ने वर येते, पहिली पायरी फक्त ४० ने. म्हणजे शहाबादीवरून पहिली पायरी उरते ११५ ची. त्यानंतर सगळ्या १७५. वर पोचताना जमीन ५० ने वाढलेली, शेवटची पायरी ४० ने, म्हणजे १८५. साडेचार इंचांच्या पायरीवर सवय लागायच्या आत पायापुढे सात इंच येणार होते. आणि उतरताना पहिल्याच पावलाला दहा मिली जास्त खोल जायचं.

ती काही वेळ बोलली नाही. मग तिने मालकांना फोन लावला.

"विट्रिफाइडच," मालक म्हणाले. "आईला मी समजावतो."

आक्का मागच्या दारातून आधीच आल्या होत्या. बाहेर काढलेल्या सळयांना पदर अडकू नये म्हणून त्यांनी तो कमरेला खोचला होता. "त्याला सांग, मी गुळगुळीत फरशीवर चालणार नाही. वरच्या मजल्यावर त्यानं काय हवं ते बसवावं. खाली मी राहणार आहे." एवढं बोलून त्या गेल्या.

फोन चालूच होता. मालक म्हणाले, "संध्याकाळी बोलतो," आणि त्यांनी तो ठेवला.

"मामा, काँक्रीट दोन दिवस पुढे नेऊ."

"सेंट्रिंगचं भाडं कोन भरनार? मानसं सांगून ठेवलीत. आन दोन दिसांनी मालक काय येगळं सांगतील?"

मेधा कोब्यावरच बसली आणि तिने दोन्ही शक्यता कागदावर मांडल्या. लँडिंग तिच्या ड्रॉइंगप्रमाणे खाली घेतलं आणि शेवटी शहाबादी आली, तर बीम फोडून वर नेता येणार नाही, पहिली पायरी बुटकीच राहणार. लँडिंग वर घेतलं आणि टाईल आली, तर टाईलखाली पन्नास मिलीची भर जास्त घालावी लागेल. खर्च वाढेल, पण ते वजन जमिनीवर जाईल, स्लॅबवर नाही. एकीकडची चूक पुढे भरून काढता येत होती, दुसरीकडची येत नव्हती.

"लँडिंग वरच ठेवू," ती म्हणाली. "पण तुम्ही १६०३ कुठून आणलंत ते सांगा."

मिस्त्रींनी खिशातली पट्टी काढून दाखवली. एका बाजूला पावणेसात इंचांवर करवतीची खाच होती. "ही पट्टी फिरवत जायची. नऊ येळा. वरती परत नऊ."

"आणि शेवटी उरतं ते?"

"वरच्या पायरीत घालतो. अर्धा इंच. कुनाला कळत न्हाई."

तिने गुणाकार केला. फरशी ते फरशी ३१०० मिमी. पावणेसात इंच म्हणजे साधारण १७१.५. अठरा वेळा घेतले तर ३०८६. चौदा मिली उरत होते आणि ते सगळे शेवटच्या पायरीत जात होते.

"मामा, तिथेच आक्का पडतील. सतरा पायऱ्या एकसारख्या चढल्यावर पाय मोजत नाही, आपोआप उचलला जातो. अठरावी चौदा मिली उंच असेल तर अंगठा कडेला लागणार."

"एवढ्यानं?"

"एवढ्यानंच. दोन इंचांचा फरक निदान डोळ्याला दिसू तरी शकतो, हा दिसतच नाही."

मिस्त्री गप्प झाले. मग म्हणाले, "चौदा मिली अठरा पायऱ्यांत वाटायचे म्हंजे एकेकीला मिलीभर पन न्हाई. त्ये हातात ऱ्हात न्हाई मॅडम. पेनशिलीची रेघच मिलीची असती."

"एकेक पायरी मोजली तर नाही राहणार. लांब पट्टी आणा."

सुताराने सागाची सरळ पट्टी आणली. तिने तिच्यावर १५५० मिमीची लांबी घेतली, म्हणजे ३१०० ची निम्मी, आणि त्यात नऊ खुणा केल्या. प्रत्येक खूण खालच्या टोकापासून मोजली: १७२, ३४४, ५१७, ६८९, ८६१, १०३३, १२०६, १३७८, १५५०. एखादी खूण मिलीभर इकडेतिकडे झाली, तरी ती चूक तिच्यापुरतीच राहणार होती, पुढच्या खुणेत शिरणार नव्हती. मिस्त्रींनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, आपली खाचेची पट्टी तिला लावून पाहिली, आणि नवव्या खुणेला सात मिलींचा फरक त्यांना स्वतःच दिसला.

"म्हंजे लँडिंग..."

"१५५० फरशीपासून. त्यात खालचे शंभर मिळवा, लँडिंगवरच्या ग्रॅनाईटचे चाळीस वजा करा. १६१०."

"आनखी सात मिली वर?"

"सात मिली वर."

सुतार हसला. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी टेकूंखालच्या पाचरी आणखी आत ठोकायला सांगितल्या, स्वतः पाण्याची नळी धरून उभे राहिले, आणि चारी कोपरे १६१० ला आल्यावरच नळी खाली ठेवली.

जाताना मेधाने ड्रॉइंगवर नवे आकडे लिहून सही केली. मिस्त्री म्हणाले, "खाली चार इंच, ह्ये पन लिवा. फरशीवाला यील तवा मी दुसऱ्या कामावर असंन. त्यो आपलं दोन इंच करून जाईल."

तिने लिहिलं आणि कागदाचा फोटो मालकांना पाठवला. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नव्हतं. मिक्सरवाल्याचा मात्र फोन येऊन गेला, सात वाजता पोचतो म्हणून.

---

नीलांबरी

कथा आवडली. दोघांपैकी कुणालाही लहान केलं नाहीस हे जास्त आवडलं. आक्कांचं पात्र आणखी हवं होतं. घर त्यांचं आणि बोलायला त्यांना तीनच वाक्यं?

---

अभिजित_के

मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मेधाचं मूळ ड्रॉइंग पूर्ण बरोबर होतं असं माझं मत आहे. दोन रायझर अधिक एक ट्रेड, म्हणजे पाय ठेवायची रुंदी, ६०० ते ६४० मिमीमध्ये बसले पाहिजेत. ट्रेड २७० धरला तर १७५ दुणे ३५० अधिक २७०, ६२० येतात. एनबीसी २०१६ या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणेही घरासाठी रायझर १९० पर्यंत चालतो आणि ट्रेड किमान २५० लागतो. मग जिना नियमात असताना ती मिस्त्रीपुढे का झुकली?

---

सुधीर_साईट

अभिजित, तुझे सगळे आकडे बरोबर आहेत आणि तरीही प्रश्न सुटत नाही. ते सूत्र एका पायरीकडे बघतं, शेजारची पायरी कशी आहे हे त्याला माहीत नसतं. ११५ च्या पायरीनंतर १७५ ची आली, तर पुढच्या सोळा पायऱ्या सूत्रात चोख बसतात आणि माणूस पडायचा तो दुसऱ्याच पायरीवर पडतो. १९० ही तर वरची मर्यादा आहे. शेवटची १८५ ची पायरीही त्या मर्यादेत बसतेच की.

मी साईटवर इंजिनिअर म्हणून काम करतो. असे जिने बरेच पाहिलेत आणि जवळजवळ प्रत्येकाचं कारण हेच असतं: जिना काँक्रीटच्या पातळीवरून मोजला जातो आणि चढला जातो फरशीवरून. मधल्या पायऱ्यांना कधी काही होत नाही, कारण त्यांच्या दोन्ही बाजूंना सारखाच थर येतो. घोटाळा होतो पहिल्या आणि शेवटच्या पायरीत, जिथे एका बाजूला पायरीचा थर असतो आणि दुसऱ्या बाजूला जमिनीचा.

कथेतला हिशेब मी करून पाहिला. काँक्रीटमध्ये पहिली २३२, मधल्या सोळा १७२ आणि थोडं, शेवटची १६२. बेरीज ३१५० येते. असा जिना सेंट्रिंगमध्ये वेडावाकडा दिसतो आणि नवा माणूस तो "दुरुस्त" करायला जातो.

एक मात्र लेखिकेने हलकं सोडलंय. आता खाली शहाबादी येवो की टाईल, तळमजल्याची जमीन कोब्यापासून शंभर मिलीवरच ठेवावी लागणार. त्यामुळे तळमजल्याच्या चौकटी, मुख्य दाराचा उंबरठा, न्हाणीचा उतार, अंगणातल्या पायऱ्या, सगळं त्या शंभरवरून मोजायचं. हे त्याच दिवशी भिंतीवर निळीच्या दोरीने मारून ठेवायला हवं होतं. फरशीच्या पातळीपासून बरोबर एक मीटर वर एक रेघ, सगळ्या खोल्यांतून फिरवलेली. कागद हरवतो, मालक फोन उचलत नाही, रेघ गिलाव्यापर्यंत टिकते.

---

प्रभाकर_सातारा

जिना घराच्या कोणत्या दिशेला आहे ते कथेत आलेलं नाही. ईशान्येला असेल तर उंची कितीही बरोबर केली तरी उपयोग नाही. शिवाय पायऱ्या अठरा, म्हणजे सम. आमच्याकडे विषमच करतात. सतरा करायला हव्या होत्या.

---

सुधीर_साईट

काका, दिशेबद्दल मी बोलत नाही, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. विषमबद्दल मात्र सांगतो. आमचे जुने मिस्त्री त्यामागे उजव्या पायाचा हिशेब सांगायचे. पहिल्या पायरीवर उजवा पाय टाकला आणि पायऱ्या विषम असल्या, तर शेवटचं पाऊलही उजवंच पडतं. इथे लँडिंगपर्यंत नऊ आणि तिथून वर नऊ आहेत. लँडिंगवर माणूस वळताना एकदोन पावलं टाकतो, म्हणून प्रत्येक टप्पा वेगळा मोजतात. दोन्ही टप्पे विषमच आहेत.

सतरा केल्या असत्या तर ३१०० भागिले १७, म्हणजे १८२. चालतं, पण आक्कांच्या वयाला प्रत्येक पायरी दहा मिली जास्त. शिवाय एक टप्पा आठचा झाला असता.

---

प्रभाकर_सातारा

टप्पा वेगळा मोजायचा हे आमच्याकडे मानत नाहीत. खालपासून वरपर्यंत एकच मोजणी धरतात. असो, तुमचं म्हणणं वाचलं.

---

कोयनाकाठ

माझे वडील गवंडी होते. खाचेच्या पट्टीवर सगळे बोट ठेवतील म्हणून सांगतो, ती पट्टी अडाणीपणातून आलेली नाही. वडिलांच्या काळात आमच्याकडे बहुतेक जिने असे व्हायचे की आधी नुसता तिरका स्लॅब ओतायचा आणि वर विटांच्या पायऱ्या बांधायच्या. त्या बांधताना खालची-वरची फरशी काय येणार हे कळलेलं असायचं. उरलेले चारपाच मिली प्रत्येक पायरीच्या मालात आपोआप विरायचे. वडील तर पायऱ्या वरून खाली बांधत यायचे, कारण वरची पातळी ठरलेली असायची आणि खाली भर घालता यायची. पायऱ्यांसकट एकदम काँक्रीट ओतायला लागल्यावर ती सवलत गेली, पट्टी तशीच राहिली.

कथेतल्या शंकरमिस्त्रींनी विटांच्या पायऱ्या सुचवल्या असत्या तर भांडणच मिटलं असतं.

---

सुधीर_साईट

अर्धंच मिटलं असतं. विटांनी पायऱ्यांची उंची जुळवता येते, पण लँडिंगचा बीम दुसऱ्याच दिवशी ओतायचा होता. तो मूळ ड्रॉइंगप्रमाणे ३५ मिली खाली राहिला असता, तर खालच्या टप्प्यात ३५ मिली कमी पडले असते आणि वरच्या टप्प्यात तेवढेच वाढले असते. नऊ पायऱ्यांत वाटले तरी खालची पायरी १६८ आणि वरची १७६. दोन टप्प्यांच्या पायऱ्यांत आठ मिलींचा फरक. वळून चढताना तो फारसा जाणवणार नाही हे मान्य, पण राहतोच. लँडिंगवर भर घालून तो काढता येईल, पण मग ते वजन बीमवर.

वरून खाली बांधत येणं मात्र नोंद करून ठेवण्यासारखं आहे. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

---

स्वाती_आर्किटेक्ट

कथेचा शेवट मला पटला नाही, आणि तो लेखनाच्या अंगाने नाही, कामाच्या अंगाने.

मेधाने काम थांबवायला हवं होतं. फरशी कोणती हे मालकाने लेखी दिल्याशिवाय जिन्याचं काँक्रीट होऊ देऊ नये. तिने दोन शक्यता तोलून जो निर्णय घेतला तो हुशारीचा आहे, पण तो निर्णय तिचा नव्हताच. उद्या मालक विचारतील की टाईलखाली पन्नास मिलीची जादा भर कुणाला विचारून घातली, तेव्हा व्हॉट्सॲपवरचा न पाहिलेला फोटो कामाला येणार नाही.

दुसरं, तिने स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन केला नाही. मूळ ड्रॉइंगपेक्षा लँडिंग ३५ मिली वर गेलं. एवढ्याने जिना पडणार नाही हे मलाही माहीत आहे. पण बीम कॉलमला जिथे मिळतो ती जागा बदलली, टप्प्यांचा कल किंचित बदलला, सळई आधीच बांधून झालेली. पाचरी मारून सेंट्रिंग उचललं की खालचे कव्हर ब्लॉक हलतात, सळई फळीला टेकते. हे तपासायला कुणीतरी हवंच होतं.

आणि शंकरमिस्त्रींबद्दल. आक्कांनी सांगितलं आणि त्यांनी लँडिंग वर घेतलं. मेधाला एक फोन केला नाही. त्यांचा आकडा बरोबरीच्या जवळ निघाला म्हणून आपण त्यांना मोठं करतोय. आक्कांनी उद्या खोलीची भिंत सरकवायला सांगितली असती तर?

---

कोयनाकाठ

स्वातीताई, फोन करायला हवा होता हे खरं. पण मेधाच्या कागदावर "सर्व फिनिश ५०" असं छापलेलं होतं आणि मिस्त्रीला आक्कांचा दगड दिसत होता. वडील सांगायचे, साईटवरून फोन केला की उत्तर एकच यायचं, ड्रॉइंगप्रमाणे करा. मग माणूस विचारणं सोडतो.

काम थांबवायचं तर त्या दिवसाची मजुरी कोण देतं हेही सांगा. सेंट्रिंगवाला भाडं सोडत नाही. मालक म्हणतो आर्किटेक्टने थांबवलं. शेवटी ते मिस्त्रीच्या बिलातून जातं. हे मी घरात बघितलंय.

---

स्वाती_आर्किटेक्ट

मजुरीचा मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडे त्याला तयार उत्तर नाही. माझ्या कामांत मी करारातच लिहून घेते की मालकाच्या निर्णयासाठी काम थांबलं तर खर्च मालकाचा. प्रत्यक्षात किती मालक तो देतात हा वेगळा विषय. गावातल्या एका बंगल्यासाठी मिस्त्रीशी असा करार कुणी करत नाही, हेही खरं.

---

नीलांबरी

म्हणजे आक्का आणि मुलगा आधी एकमेकांशी बोलले असते तर कथाच झाली नसती. मला वाटतं खरं भांडण त्या दोघांचं आहे आणि ते जिन्यावर येऊन निघालं.

---

मंदार_ठाणे

जरा बाजूचा प्रश्न, पण हे वाचून राहवलं नाही. आमच्या रो-हाऊसमध्ये दोन वर्षांपूर्वी खाली आणि वर दोन्हीकडे जुन्या मोझॅकवर नवी टाईल बसवली. जिना तसाच ठेवला, कारण त्यावरचा जुना कडप्पा चांगला होता. तेव्हापासून आई वर पोचताना दोनदा अडखळली. आम्ही चष्म्याचा नंबर तपासला, कडेला पिवळी पट्टी लावली. आज कथा वाचून टेप घेऊन बसलो. पहिली पायरी १३५ मिमी, नंतरच्या पंधरा १६५ ते १६७, शेवटची १९२. टेप नीट लावलाय. हे तेच आहे का?

---

सुधीर_साईट

तेच आहे. जमिनी वर आल्या, पायऱ्या जागच्या जागी राहिल्या.

तुमचे आकडे जोडले तर साधारण २८१७ येतात. सतराने भागले की १६६ ला किंचित कमी. म्हणजे एकूण उंची उत्तम आहे, फक्त मधल्या पायऱ्या आणि लँडिंग मिळून २८ मिलीने खाली राहिलेत. त्या सगळ्यांवर सारखाच २८ मिलीचा थर चढवला तर पहिली १६३ होते, शेवटची १६४ आणि मधल्या आहेत तशाच १६६ च्या आसपास राहतात. १८ मिमी ग्रॅनाईट आणि खाली १० मिमी माल, इतकं सरळ गणित क्वचित जमतं. फक्त शेवटच्या पायरीपुरता थर चढवू नका, मग घोटाळा तिच्या आधीच्या पायरीत सरकतो.

तीन गोष्टी आधी बघून घ्या. एक, कठड्याची उंची तेवढीच २८ मिलीने कमी होईल. आत्ताच बुटका असेल तर तोही वाढवावा लागेल. दोन, दर चौरस मीटरला साधारण सत्तर किलो वजन वाढतं, तेव्हा जुनं बांधकाम असेल तर इंजिनिअरला जिना दाखवा. कडप्पा काढून त्याच्या जागी नवा थर घेतला तर वाढीव वजन बरंच कमी होईल. तीन, सुरुवात करायच्या आधी एक लांब सरळ पट्टी पायऱ्यांच्या कडांवर तिरकी टेकवून बघा. सगळ्या कडा पट्टीला लागायला हव्यात. तुमच्याकडे वरच्या मजल्याच्या जमिनीची कड तेवढी पट्टीच्या वर डोकावेल. आणखी कुठली कड डोकावली किंवा खाली राहिली तर तेही सांगा, मग नुसत्या २८ ने भागणार नाही.

---

मंदार_ठाणे

पट्टी लावली. वरची कड सांगितल्याप्रमाणे डोकावते. पण लँडिंगजवळची एक पायरीही पट्टीपासून खाली आहे, मध्ये बोट जातं. तिची उंची १६५ च भरते. हे कसं?

---

सुधीर_साईट

उंची बरोबर असेल तर त्या पायरीची रुंदी बघा. ती कड इतरांपेक्षा मागे असणार. सगळ्या पायऱ्यांची रुंदी कडेपासून कडेपर्यंत मोजून इथे टाका. कडप्पा बसवताना ती एकच मागे राहिली असेल तर ग्रॅनाईटची कड थोडी पुढे काढून भागेल. काँक्रीटमध्येच चुकली असेल तर ती फोडून बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही.